॥ध्रु॥ कोणी मोठ्यानं वाचतं का?

मागच्या पावसाळ्यात पाळकसाहेब घरी आले, चहा घेतला आणि जाता जाता एक कापडी पिशवी ठेवून गेले. पिशवीत बायबलातल्या २४ स्तोत्रांच्या झेरॉक्स होत्या. रविवारच्या उपासनेत एक ओळ वाचकानं म्हणायची आणि पुढची सगळ्या मंडळीनं, त्यासाठी ठळक अक्षरांतली पुस्तिका छापायची होती. "बाई, तुम्ही ३२ वर्षं छापखान्यात प्रुफं वाचलीत, तुम्हीच बघा," म्हणाले. मला वाटलं, आठ-पंधरा दिवसांचं काम. नाताळ आला तरी ते संपलं नव्हतं, आणि अडलं होतं ते तीन शब्दांपाशी: आमेन, हालेलूया आणि सेला.

बाकीच्या मजकुराचं फारसं काही झालं नाही. जुन्या भाषांतरातली लांबलचक वाक्यं तोडली, 'तुम्हांस'चं 'तुम्हाला' केलं, विरामचिन्हं नीट बसवली. मग पाळकसाहेब म्हणाले, सगळं सोपं करतोच आहोत, तर हे हिब्रू शब्द तरी कशाला ठेवायचे? नव्यानं येणाऱ्या माणसाला कळायला नको का? मलाही ते पटलं. म्हणून पहिल्या प्रुफात मी तिन्ही शब्दांचं मराठी केलं.

आमेनसाठी मी 'तथास्तु' घातलं. शब्दकोशात बघितलं तर त्यात चूक काहीच नाही. आमेनच्या मुळाशी हिब्रूत अलेफ-मेम-नून ही तीन अक्षरं आहेत आणि त्यांचा भाव पक्कं, भरवशाचं, टिकणारं असा आहे. प्रार्थनेच्या शेवटी त्याचा अर्थ 'असंच होवो'. तथास्तु म्हणजे तरी दुसरं काय?

बुधवारी संध्याकाळी आम्ही सात-आठजण तालमीला बसलो. ४१वं स्तोत्र घेतलं. त्याच्या शेवटच्या ओळीत देव अनादि काळापासून अनंत काळापर्यंत धन्यवादित असो असं म्हटलं आहे आणि लगेच दोनदा आमेन येतं. वाचकानं ओळ म्हटली आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "तथास्तु, तथास्तु." क्षणभर कोणी काही बोललं नाही. मग आमच्यातल्या मावशी, ज्या आयुष्यभर नर्स होत्या आणि कोणाची भीड ठेवत नाहीत, त्या म्हणाल्या, "अगं, आपण काय वर द्यायला बसलोय का?"

बरोबर होतं त्यांचं. तथास्तु हा देणाऱ्याच्या तोंडचा शब्द आहे. लहानपणी घरात काही वाईटसाईट बोललं की आजी दटावायची, असं बोलू नये, वास्तुपुरुष तथास्तु म्हणतो. पसायदानात ज्ञानदेव मागतात आणि 'हा होईल दान पसावो' असं विश्वेशराव म्हणतात. मागणारा कधी तथास्तु म्हणत नाही. आमेनचं बरोबर उलटं आहे. ते खाली बसलेल्या माणसांचं आहे, दुसऱ्यानं म्हटलेल्या बोलण्यावर आपला अंगठा उठवण्याचं. अनुवादाच्या पुस्तकात, म्हणजे मोशेच्या पाचव्या ग्रंथात, २७व्या अध्यायात उपासनेचं काम बघणारे लेवी एकेक शाप उच्चारतात आणि प्रत्येक शापानंतर सगळे लोक आमेन म्हणतात, असं १२ वेळा. तिथे लोक वर देत नाहीत. 'हे आम्हालाही लागू' अशी कबुली देतात.

मग 'असं होवो' घालून बघितलं. त्याला फार जुना आधार आहे. हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा स्तोत्रांतल्या या जागी त्यांनी 'गेनोइतो', म्हणजे 'होवो', असंच लिहिलं, आणि त्यावरून लॅटिनमध्ये 'फियात, फियात' आलं. तरीही मंडळ्यांच्या तोंडी आमेनच राहिलं. दुसऱ्या शतकातला ख्रिस्ती लेखक जस्टिन ग्रीक वाचकांना आपली उपासना समजावून सांगताना लिहितो की प्रार्थना संपली की लोक आमेन म्हणतात, आणि हा हिब्रू शब्द असून त्याचा अर्थ 'असं होवो' असा आहे. म्हणजे त्यानं अर्थ सांगितला, पण शब्द बदलला नाही. ऑगस्टीननंही आमेन आणि हालेलूयाबद्दल तेच म्हटलं आहे. भाषांतर करता येतं, पण त्यांचा मान राखून ते तसेच ठेवले जातात.

आमच्या तालमीत 'असं होवो' पडलं ते मात्र अगदी साध्या कारणानं. ते एकत्र म्हणता येईना. कोणी 'असं होवो', कोणी 'असे होवो', तर एका काकांचं 'असंच होवो'. आमेन म्हणताना हा गोंधळ होत नाही. तीन अक्षरं, शेवटी 'न' वर जीभ टेकते आणि चाळीस माणसं एका वेळी थांबतात.

त्या दिवशी तेलुगू काका बरोबर होते. त्यांचं सगळं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात चादरीच्या मागावर गेलं. ते म्हणाले, आमच्या गल्लीत मशिदीत आमीन ऐकू येतं, ते आपलंच का ओ? हो, आपलंच. अरबीतलं आमीन हा तोच शब्द आहे, आणि त्याच धातूपासून आलेले दोन शब्द तर आपण मराठीत रोज वापरतो: इमान आणि अमानत. हे मला स्वतःला पन्नाशी उलटून गेल्यावर कळलं. मग पुस्तिकेच्या पहिल्या पानावर मी एवढंच टाकलं: 'आमेन: इमान या शब्दाचं नातलग. हे खरं, हे पक्कं, असंच होवो.' आणि आत सगळीकडे आमेनच ठेवलं.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली. योहानाच्या शुभवर्तमानात येशू बोलायला सुरुवात करतो तेव्हा आपल्या जुन्या बायबलात 'खचित खचित' येतं. मूळ ग्रीक मजकुरात तिथे 'आमेन, आमेन' आहे, २५ वेळा. ऐकणाऱ्यांनी शेवटी म्हणायचा शब्द तो स्वतःच्या बोलण्याच्या आधीच म्हणतो, आणि हे तेव्हाही वेगळं वाटलं असणार. मराठीत 'खचित' आल्यामुळे ते वेगळेपण पार झाकलं गेलं. शिवाय आजच्या पोरांना खचित म्हटलं की रत्नखचित मुकुटच आठवतो. पण तो भाग आमच्या पुस्तिकेत नव्हता, म्हणून मी गप्प बसले.

हालेलूयाचं कोडं वेगळं निघालं. हा उद्गार नंतर झाला, मुळात ते पुरतं वाक्य आहे. 'हालेलू' म्हणजे 'तुम्ही सगळे स्तुती करा', अनेकवचनी आज्ञा, आणि 'या' हे देवाच्या नावाचं आखूड रूप. जुन्या मराठी भाषांतरकारांनी इथे फार सुंदर काम केलं आहे. पुऱ्या नावासाठी ते 'परमेश्वर' लिहितात आणि या आखूड रूपासाठी 'परमेश': 'परमेशाचे स्तवन करा.' प्रुफं वाचणाऱ्या बाईला असं काही दिसलं की दिवसभर बरं वाटतं.

१५०वं स्तोत्र काढून बघा. सुरुवातीला हालेलूया, शेवटी हालेलूया आणि मध्ये ओळीगणिक तीच आज्ञा: रणशिंग फुंकून त्याचं स्तवन करा, वीणेनं करा, डफानं करा, झांजांनी करा. सुरुवातीचा आणि शेवटचा शब्द हिब्रूत ठेवला तर मधल्या 'स्तवन करा'शी त्याचा धागा तुटतो, ऐकणाऱ्याला वाटतं की आधी एक घोषणा झाली आणि मग स्तोत्र सुरू झालं. म्हणून वाचनाच्या पुस्तिकेत मी 'परमेशाचे स्तवन करा' हेच ठेवलं.

त्यावर आमचा तबलजी पोरगा अडून बसला. तो म्हणे, वाचायला ठीक आहे, पण हेच गायचं असेल तर? त्यानं बोटांवर मोजून दाखवलं. हा-ले-लू-या, चारही अक्षरं दीर्घ, म्हणजे ८ मात्रा, केरव्याचं एक आवर्तन तंतोतंत भरतं. 'परमेशाचे' हेही ८ मात्रांचं, पण 'स्तवन करा' ६ मध्ये संपतं, मग शेवटचा 'रा' दोन मात्रा ओढायचा. ओढता येतो, पण टाळ्या वाजवणाऱ्या पोरांचा ठेका तिथे हमखास चुकतो. म्हणून गाण्याच्या पानावर हालेलूया आणि वाचनाच्या पानावर परमेशाचे स्तवन करा, असे दोन्ही ठेवले. एकाच पुस्तिकेत एकाच शब्दाला दोन न्याय लावलेले मला एरवी खपत नाहीत, पण इथे खपवून घेतले.

खरा वेळ खाल्ला तो सेलानं.

निवडलेल्या २४ पैकी ७ स्तोत्रांत हा शब्द होता. ३, ९, २४, ३२, ४६, ६७ आणि ८४ या स्तोत्रांत मिळून १७ वेळा. पूर्ण स्तोत्रसंहितेत तो ७१ वेळा येतो, ३९ स्तोत्रांत, आणि त्याबाहेर फक्त हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकात, तिसऱ्या अध्यायात ३ वेळा. आपल्या बायबलात तो कंसात छापतात. काकांनी त्यांचं तेलुगू बायबल आणून दाखवलं, तिथेही कंसातच.

आता कंसातलं वाचायचं की नाही, हे कोणी कधी ठरवलंच नव्हतं. मावशी ठणठणीत आवाजात वाचतात, "सेला!" पाळकसाहेब वाचत नाहीत. मंडळीतले निम्मे वाचतात आणि निम्मे वाचत नाहीत, त्यामुळे प्रत्येक सेलापाशी एक ओशाळवाणी कुजबुज होते. रविवारच्या शाळेतला एक मुलगा हसला. विचारलं तर म्हणाला, आमच्या किराणा दुकानात सेला तांदूळ असतो. काकांना तर इतकी वर्षं तो शेलाच वाटत होता. विणकराचं घर, त्यांना वाटायचं की इथे देवापुढे शेला पांघरायचा असतो.

पहिल्या प्रुफात मी त्याचं '(थांबा)' केलं होतं. पुष्कळ ठिकाणी 'थांबून मनन करा' असा अर्थ दिलेला सापडतो, त्यावरून. तालमीत एका ताईंनी ४६वं स्तोत्र वाचायला घेतलं. तिसऱ्या ओवीपर्यंत आल्या, समुद्र गर्जतोय, पर्वत हालताहेत, आणि त्याच जोशात त्या म्हणाल्या, "थांबा!" मंडळीची ओळ म्हणायला तोंड उघडलेले सगळे थांबले. ताईही थांबल्या. कोणी कोणासाठी थांबलंय हेच कळेना. शेवटी मावशी म्हणाल्या, "किती वेळ थांबायचं तेही लिहा म्हणजे झालं."

मग मी जरा नेटानं शोधायला बसले. सापडलं ते असं की सेला म्हणजे काय, यावर दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा एकमत नव्हतं. ग्रीक भाषांतरकारांनी 'दियाप्साल्मा' लिहिलं, म्हणजे गाण्याच्या मधे काहीतरी, बहुधा नुसतं वाद्य वाजण्याची जागा. अरामी भाषांतरात त्याचं 'सदासर्वकाळ' केलं, आणि जेरोमनं हिब्रूवरून जे लॅटिन स्तोत्र केलं त्यातही 'सेम्पेर', म्हणजे 'नेहमी', असं घातलं. दुसऱ्या, जास्त चालणाऱ्या लॅटिन स्तोत्रपाठात तो शब्दच नाही. कोणी त्याचा संबंध 'उंच करणे' या धातूशी लावतात, म्हणजे आवाज चढवा किंवा वाद्यं वाजू द्या. आणि मनन करा हा अर्थ मला या सगळ्यांत सगळ्यात कच्चा वाटला, जरी तो कानाला सगळ्यात गोड लागतो.

संगीताकडे बोट दाखवणारा एक पुरावा मात्र मला पटला. सेला असलेल्या ३९ स्तोत्रांपैकी ३१ स्तोत्रांच्या डोक्यावर 'मुख्य गवयासाठी' अशी सूचना आहे. हबक्कूकाच्या त्या अध्यायाच्या शेवटीही मुख्य गवई आणि तंतुवाद्यं आहेत. म्हणजे गायकवादकांच्या चोपडीतली ती खूण असावी.

हे वाचताना माझ्या समोर टेबलावर आमचं भजनांचं पुस्तक उघडं पडलं होतं आणि पहिल्या कडव्यापुढे छापलेलं होतं: ॥ध्रु॥.

एकदम हसूच आलं. माझ्या हाताखालून अशी हजारो ॥ध्रु॥ गेली असतील. अभंगाच्या गाथेत आहेत, आरतीसंग्रहात आहेत, आमच्या ख्रिस्ती भजनांतही आहेत. ती छापलीच पाहिजेत, नाहीतर पालुपद कुठलं ते कळणार नाही. पण ती कोणी म्हणत नाही. कीर्तनकार 'सुंदर ते ध्यान ध्रु' असं म्हणाले तर लोक काय म्हणतील? आणि 'ध्रु'चं भाषांतर करायला तरी कोण निघेल? सेला मोठ्यानं वाचणं हे बहुधा तसंच आहे, फरक इतकाच की आपल्या ध्रुचा अर्थ आपल्याला ठाऊक आहे.

मी ही गोष्ट तालमीत सांगितली तेव्हा तबलजी पोरगा उठून बसला. तो म्हणाला, मग ४६वं करून बघू. या स्तोत्रात 'सेनाधीश परमेश्वर आमच्याबरोबर आहे' हे पालुपद सातव्या आणि अकराव्या ओवीत येतं, आणि दोन्ही वेळा त्याच्या पाठोपाठ सेला. पहिला सेला तिसऱ्या ओवीनंतर आहे, तिथे पालुपद नाही. काही अभ्यासकांना वाटतं की तिथेही ते असणार, नकलून घेताना गळलं. पोरानं तिन्ही जागी पालुपद घालून चाल लावली आणि प्रत्येक सेलाला चार आवर्तनं नुसता तबला आणि पेटी. स्तोत्र एकदम तीन कडव्यांचं उभं राहिलं. मावशींनी डोळे पुसले.

मी लगेच हुरळून सगळीकडे हाच नियम लावायला गेले आणि ६७व्या स्तोत्रानं माझे कान उपटले. तिथे पहिलाच सेला वाक्याच्या मध्यावर येतो. देव आमच्यावर दया करो, आम्हाला आशीर्वाद देवो, त्याचं मुख आमच्यावर प्रकाशो, सेला, म्हणजे पृथ्वीवर त्याचा मार्ग कळेल. 'म्हणजे'च्या आधी चार आवर्तनं वाजवली तर वाक्याचं डोकं एका गावात आणि पाय दुसऱ्या. वाचताना थांबलं तरी तेच. शिवाय ३, ९, २४ आणि ४६ ही चार स्तोत्रं संपतातच सेलावर. पुढे काही नसताना मधली जागा कसली? कदाचित पुढच्या स्तोत्राकडे जाण्याची. त्यामुळे सेला म्हणजे कडव्याचा शेवट, असा ठोक नियम करून छापणं खोटं झालं असतं.

काढूनच टाकावा, असाही विचार झाला. इंग्रजी भाषांतरांत आता काही ठिकाणी तो तळटीपेत ढकलला आहे. पण ते माझ्यातल्या प्रुफरीडरला जमेना. मजकुरात आहे ते कळत नाही म्हणून उडवायचं, ही छापखान्यातली सगळ्यात वाईट खोड. तेव्हा असं ठरलं: सेला ओळीच्या कंसातून बाहेर काढायचा आणि उजव्या समासात बारीक, फिकट टाइपात ठेवायचा, जिथे भजनाच्या पुस्तकात कडव्याचा आकडा असतो तसा. शब्द बदलायचा नाही. पहिल्या पानावर एक ओळ: 'समासातला सेला ही गायकवादकांची जुनी खूण आहे, ॥ध्रु॥सारखी. ती वाचू नये.'

ऑपरेटर मुलानं पहिल्यांदा तो शब्द समासात टाकला तेव्हा तो पुन्हा पुन्हा खालच्या ओळीवर घसरत होता. ६७व्यात तर तो 'म्हणजे'च्या समोर जाऊन बसला, म्हणजे एक ओळ चुकीची. तीनदा प्रुफ मागवलं. तो वैतागून म्हणाला, "मॅडम, वाचायचाच नाही तर कुठं का असंना." त्याला मी चहा पाजला आणि चौथं प्रुफ मागवलं.

जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, पुस्तिका आली. नंदीध्वज बघायला मी नेहमीप्रमाणे गर्दीत उभी होते. एकानं हाळी दिली आणि शेकडो माणसांनी "बोला हर्र" म्हणून आवाज उचलला. माझ्या शेजारच्या बाईंच्या कडेवर दीड वर्षाचं पोर होतं, तेही हात वर करून काहीतरी "हल्ल" म्हणालं. माझ्या मनात मेलं आमेनच आलं.

पहिल्या रविवारी ३२वं स्तोत्र होतं. आमेन नाही, हालेलूया नाही, तीन सेला. वाचकानं वाचला नाही, मंडळीनं वाचला नाही. दुसऱ्या बाकावरून मावशींचा आवाज आला, "सेला!" तिन्ही वेळा. उपासनेनंतर मी त्यांच्याकडे बघितलं तर म्हणाल्या, "तू लिहिलंस ते वाचलं मी. पण माझी आई म्हणायची."

आता एकच जागा राहिली आहे. नवव्या स्तोत्राच्या सोळाव्या ओवीत सेलाच्या आधी आणखी एक शब्द आहे, हिग्गायोन. त्याचा अर्थ कोणी गुणगुणणं करतात, कोणी वाद्याचा मंद स्वर. समासात दोन्ही शब्द मावत नाहीत. सध्या ते पान तसंच कंसात छापलं आहे आणि दुसऱ्या आवृत्तीच्या फाइलवर मी लाल पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं आहे.